गॅलरीतलं पाणी बैठकीच्या दाराकडे का येतं?



आज बोलायचं आहे पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीबद्दल. आपल्या फैजपूर, यावल, रावेर भागात गेल्या काही वर्षांत स्लॅबची घरं खूप झाली. वर एक खोली निघाली की पुढे चार फुटांची गॅलरी येतेच. मग त्या गॅलरीत कपडे वाळतात, कुरडया-बिबडे वाळतात, संध्याकाळी बसायला जागा होते. पण पहिला जोराचा पाऊस आला की काही घरांत वेगळाच प्रकार सुरू होतो. गॅलरीतलं पाणी जाळीकडे जायचं सोडून दाराकडे येतं. बाई पोतं घेऊन उंबऱ्याशी बसते, पाणी पिळते, पुन्हा पसरते. चौकटीचं लाकूड खालून काळं पडतं, भिंतीच्या पायथ्याचा रंग फुगतो, आणि दरवर्षी कोणीतरी सांगतं, "वॉटरप्रूफिंगचा डबा आणून लावा."

डबा लावून हे थांबत नाही. पाणी कुठे वाहणार हे रंग ठरवत नाही, उतार ठरवतो. म्हणून आधी उतार मोजायला शिकू, मग पाणी जाण्याचं तोंड बघू आणि शेवटी उंबरा.

धाब्याच्या घराला हे माहीत होतं

खानदेशातली जुनी घरं धाब्याची. वर लाकडी सरे, त्यावर मातीचं सपाट छप्पर. आपल्याकडे वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. एवढ्या पावसात मातीचं धाबं टिकायचं, कारण ते दिसायला सपाट असलं तरी खरं सपाट नसायचं. त्याला एका अंगाला हलका ढाळ असायचा आणि त्या अंगाला भिंतीच्या बाहेर चांगला हातभर आलेला पन्हाळ असायचा. पाणी छपरावर थांबलं तर माती विरघळणार, आणि पन्हाळ आखूड ठेवला तर भिंत धुपणार, हे बांधणाऱ्याला ठाऊक होतं. पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायची, त्याच वेळी ढाळही नीट केला जायचा.

सिमेंटची गॅलरी आली तेव्हा ही सवय सुटली. सिमेंट विरघळत नाही, त्यामुळे ढाळ चुकला तरी छप्पर पडत नाही. मग चूक लपून राहते आणि पाणी घरात आल्यावरच कळते.

उतार किती हवा?

गवंड्याच्या भाषेत एका इंचाचे आठ सूत. गॅलरीसाठी लक्षात ठेवायचा आकडा सोपा आहे: फुटाला एक सूत. म्हणजे गॅलरी चार फूट रुंद असेल तर दाराजवळच्या फरशीपेक्षा कठड्याजवळची फरशी चार सूत, म्हणजे अर्धा इंच, खाली हवी. गुळगुळीत टाइल्सना एवढं पुरतं. खडबडीत शहाबादी किंवा कोटा असेल तर फुटाला दीड सूत धरा, कारण खडबडीत दगडावर पाणी अडून राहतं.

अर्धा इंच डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच "उतार दिलाय ताई" हे वाक्य खरं की खोटं, ते नुसतं बघून कळत नाही. त्याला पाणी लागतं.

पहिली तपासणी बादलीची. कोरड्या दिवशी, वारा नसताना, दाराच्या पायथ्याशी सावकाश एक बादली पाणी ओता. पाणी कठड्याकडे निघालं तर ठीक. तिथेच पसरलं किंवा उंबऱ्याला चिकटून राहिलं तर उतार उलटा आहे. मग सगळं वाळू द्या आणि सर्वांत शेवटी जिथे ओल राहते तिथे खडूने कड आखा. ती गॅलरीतली सर्वांत खोल जागा. ही जागा जाळीपाशी असायला हवी. ती दारापाशी निघाली तर दुखणं सापडलं.

दुसरी तपासणी लेव्हल पाइपची. गवंड्याकडे असतो तो पारदर्शक नळीचा तुकडा. त्यात पाणी भरा, चिमूटभर हळद टाका म्हणजे पातळी स्पष्ट दिसते. नळीत बुडबुडा राहू देऊ नका आणि बघताना दोन्ही टोकं उघडी ठेवा. नळी कशीही वाकवली तरी दोन्ही टोकांतलं पाणी एकाच उंचीवर राहतं. आता दाराच्या चौकटीवर, खोलीच्या फरशीपासून बरोबर १२ इंचांवर पेन्सिलीने रेघ मारा. नळीचं एक टोक त्या रेघेला लावा, दुसरं गॅलरीत जिथे मोजायचं तिथे धरा. पाण्याच्या पातळीपासून खाली फरशीपर्यंत टेपने मोजा. माप जितकं जास्त, तितकी फरशी खाली.

एक गॅलरी मोजून बघू

समजा गॅलरी १० फूट लांब, ४ फूट रुंद आहे. दार मधोमध आहे आणि पाणी जायची जाळी डाव्या कोपऱ्यात, कठड्यालगत. मोजल्यावर अशी मापं आली: दाराच्या बाहेर पायथ्याशी १२ इंच ४ सूत, दारासमोर कठड्याजवळ १२ इंच २ सूत, जाळीच्या कोपऱ्यात १२ इंच ३ सूत.

आता वाचा. दारापाशी माप सर्वांत मोठं, म्हणजे गॅलरीतली सर्वांत खोल जागा दारच. समोरची कड दारापेक्षा दोन सूत वर, त्यामुळे पाणी मागे येणारच. जाळीचा कोपराही दारापेक्षा एक सूत वर. त्यात जाळीची कड फरशीच्या वर एक सूत उभी राहिलेली, हे तर फार घरांत असतं. म्हणजे दारापाशी दोन सूत पाणी साचल्याशिवाय एक थेंबही जाळीत जात नाही. आणि खोलीची फरशी गॅलरीपेक्षा फक्त चार सूत वर. पाणी जाळीत जायला लागतं तेव्हा खोलीत शिरायला उरलेलं अंतर दोन सूत, पाव इंच. वाऱ्याचा एक झोत, जाळीवर कडुनिंबाची चार पानं, की ते पाव इंच संपलं.

आपल्याकडे मे-जूनमध्ये जे वादळ केळीच्या बागा आडव्या करतं, तेच वादळ पाऊस आडवा गॅलरीत घालतं आणि त्याबरोबर धूळ आणि पालाही आणतं. म्हणजे पाणी जास्त येतं आणि जाळी बुजते, हे एकाच वेळी होतं. म्हणून मापं धरताना रिमझिम पाऊस धरायचा नाही, हा पाऊस धरायचा.

ओझ्याचा विचार आधी

अशा वेळी सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे "जुन्या फरशीवरच नवीन फरशी टाकू, उतार देऊन". तो घेऊ नका. त्याने गॅलरीची फरशी वर येते, खोलीपेक्षा खाली असण्याचं जे थोडं अंतर आहे तेही जातं. आणि दुसरं कारण जास्त गंभीर आहे.

दहा बाय चारच्या गॅलरीवर एक इंच जाडीचा सिमेंट-वाळूचा थर म्हणजे जवळजवळ दोन क्विंटल, सिमेंटच्या चार गोण्यांचं वजन. आपल्या बहुतेक गॅलऱ्यांना पुढून खांब नसतो. त्या भिंतीतून बाहेर आलेल्या, अधांतरी स्लॅबवर असतात. अशा स्लॅबला तोलून धरणाऱ्या मुख्य सळया वरच्या बाजूला, वरून इंचभर खोलीवरच असतात. त्यामुळे दोन गोष्टी कधी करू द्यायच्या नाहीत: थरावर थर चढवून ओझं वाढवायचं नाही, आणि उतार काढण्यासाठी स्लॅब वरून छिन्नीने टोचायचा नाही. फरशी आणि तिच्याखालचा माल काढायचा, स्लॅब लागला की हात थांबवायचा.

इथे एक खूणही सांगते. अधांतरी गॅलरी ओझ्याने झुकली तर बाहेरच्या बाजूला झुकेल, म्हणजे पाणी बाहेर जास्त जोरात जाईल. पाणी पहिल्यापासूनच आत येत असेल तर ते फरशी बसवण्यातलं चुकलेलं आहे, स्लॅबचं नाही. पण गॅलरीच्या पृष्ठभागावर भिंतीला समांतर लांब चीर पडली असेल, खालून सळई गंजून पोपडे पडत असतील किंवा पुढची कड खाली आलेली दिसत असेल, तर फरशीचं काम राहू द्या आणि आधी बांधकामाच्या इंजिनिअरला दाखवा. तोपर्यंत गॅलरीत धान्याची पोती, पाण्याचे पिंप ठेवू नका, आणि चार जणींनी एकदम उभं राहू नका.

तसंच गॅलरी पुढून खांबांवर असेल, आधी पाणी नीट बाहेर जात असेल आणि अलीकडे उलटं यायला लागलं असेल, तर घर खचतंय का ते बघायला हवं. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असेल तर घराचा एखादा भाग खाली बसतो. अशा वेळी भिंतींत तिरक्या चिरा दिसतात, दारं घासायला लागतात. तिथे फरशी बदलून उपयोग नाही.

दुरुस्ती, त्याच गॅलरीची

आता आपल्या मोजलेल्या गॅलरीकडे परत येऊ. स्लॅब ठीक आहे असं धरू. कोपऱ्यातली एक टाइल काढून बघितल्यावर स्लॅब खोलीच्या फरशीपेक्षा ३ इंच, म्हणजे २४ सूत, खाली निघाला. दाराशी फरशी फक्त चार सूत खाली आहे, म्हणजे तिथे फरशी आणि माल मिळून वीस सूत, अडीच इंचांचा थर आहे. एवढ्या थराची गरज नाही. तो काढला की उतारासाठी जागा आपोआप मिळते.

नवी मापं खोलीच्या फरशीपासून खाली मोजू. दाराच्या पायथ्याशी ८ सूत, म्हणजे एक इंच. तिथून कठड्याकडे चार फुटांत चार सूत उतार, म्हणजे कडेला १२ सूत. आता गॅलरी दहा फूट लांब आहे. एकाच कोपऱ्यात जाळी ठेवली तर लांबीतही दहा सूत उतार लागेल, तेवढी जागा नाही. म्हणून कठड्यालगत वीतभर रुंदीची उथळ चर ठेवायची आणि दोन्ही कोपऱ्यांत तोंडं काढायची. मधून दोन्हीकडे पाच-पाच फूट, म्हणजे पाच-पाच सूत. चर मधोमध १३ सुतांवर सुरू होईल आणि दोन्ही तोंडांपाशी १८ सुतांवर संपेल. तिथेही स्लॅबवर सहा सुतांचा, पाऊण इंचाचा थर राहतो. स्लॅबला हात लागत नाही आणि सगळं मिळून दीड क्विंटलाहून जास्त ओझं कमी होतं.

पाणी जायचं तोंड तीन इंची पाइपचं असावं. एक इंची पाइपमध्ये एक पान अडकलं तरी काम थांबतं. जाळी आजूबाजूच्या फरशीपेक्षा दोन सूत खाली बसवा आणि ती सिमेंटने पक्की करू नका, हाताने उचलता आली पाहिजे. कुरडयांचा चीक सांडला, पापडाचं पीठ धुतलं, की ते पाइपात जाऊन घट्ट बसतं. म्हणून त्या मोसमानंतर जाळी उचलून बादलीभर पाणी जोरात सोडायचं. पाइपचं बाहेरचं टोक भिंतीपासून चांगलं पुढे काढा, जुन्या पन्हाळासारखं, नाहीतर पाणी भिंतीवरून ओघळत खालच्या खोलीत ओल आणेल. शेजाऱ्याच्या अंगणात पडणार असेल तर उभा पाइप लावून खाली न्या.

दोन्ही तोंडं बुजली तर काय, याचीही सोय हवी. कठड्यात एक जादा भोक ठेवा आणि त्याचा तळ खोलीच्या फरशीपेक्षा ११ सूत खाली येऊ द्या. जाळ्या तुंबल्या तर पाणी चढेल, पण ११ सुतांपाशी पोचलं की त्या भोकातून बाहेर पडेल. दाराचा पायथा ८ सुतांवर आहे, म्हणजे साचलेलं पाणी दाराला शिवण्याआधीच बाहेर निघतं. ही एक गोष्ट गवंड्याला न चुकता सांगा, कारण ती तो स्वतःहून सहसा करत नाही.

आणि वरच्या गच्चीचा पाइप गॅलरीत सोडलेला असेल तर तो आधी हलवा. चारशे चौरस फुटांच्या गच्चीचं पाणी चाळीस फुटांच्या गॅलरीत सोडलं, तर गॅलरीला एकदम अकरा गॅलऱ्यांचा पाऊस सोसावा लागतो. कोणताही उतार त्याला पुरत नाही.

उंबऱ्याखालून येणारं पाणी

काही घरांत उंबऱ्यावरून पाणी येताना दिसत नाही, तरी आतल्या फरशीचे सांधे काळे पडतात, भिंतीच्या पायथ्याला लोणा फुटतो. हे पाणी खालून येतं. गॅलरीच्या फरशीखालचा माल आणि खोलीच्या फरशीखालचा माल दाराखालून सलग असतो. फरशीच्या सांध्यांतून मुरलेलं पाणी त्या मालातून दिव्याच्या वातीतल्या तेलासारखं आत सरकतं.

ओळखायचं असं: दाराच्या बाहेर पायथ्याशी ओलं गोणपाट अंथरा आणि दिवसभर ओलं ठेवा, पण पाणी उंबऱ्यावर चढू देऊ नका. आतले सांधे हळूहळू गडद झाले तर वाट उंबऱ्याखालून आहे.

उपाय म्हणजे ती वाट तोडायची. गॅलरीची फरशी काढलेली असतानाच दाराखालचा माल स्लॅबपर्यंत कोरून काढायचा आणि तिथे वॉटरप्रूफिंगचं औषध घातलेल्या सिमेंट काँक्रीटचा बांध भरायचा. हा बांध चौकटीच्या दोन्ही पायांच्या पलीकडे तीन-तीन इंच जायला हवा, नाहीतर पाणी टोकांवरून वळसा घालून आत जातं. मग वॉटरप्रूफिंगचा लेप. डब्याची खरी जागा इथे आहे: फरशीच्या वर नाही, फरशीच्या खाली. स्लॅबवरचा उताराचा थर, भिंतीवर वीतभर उंची आणि हा बांध, या सगळ्यावर तो सलग आला पाहिजे. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात आधी सिमेंटचा गोल वाटा काढून घ्या, कारण काटकोनातच लेप फाटतो.

वर ग्रॅनाइट किंवा कडाप्प्याचा एक इंची अखंड उंबरा. त्याला बाहेरच्या बाजूला एक सूत उतार, बाहेरची कड अर्धा इंच पुढे आणि त्या कडेच्या खालच्या बाजूला एक खाच. खाचेमुळे पाणी दगडाच्या पोटाला धरून आत येत नाही, तिथेच टपकतं. आपल्या गॅलरीत आता बाहेरून उंबऱ्याची उंची दोन इंच झाली. दाराची फळी खालून तेवढी कापावी लागेल. घरात म्हातारं माणूस असेल तर उंबऱ्याला वेगळ्या रंगाचा दगड लावा, म्हणजे पाय अडखळणार नाही.

जिथे हे जमत नाही

काही घरांत गॅलरीचा आणि खोलीचा स्लॅब एकाच पातळीवर टाकलेला असतो आणि वरचा थर जेमतेम दीड इंच असतो. तिथे वर सांगितलेला सगळा उतार बसत नाही. मग उंबरा उंच करणं, दारापुढे जाळीची अरुंद चर काढून ती बाहेर नेणं आणि वर पत्र्याचा छज्जा पुढे काढणं एवढंच हातात राहतं. आडव्या पावसात थोडं पाणी तरीही येईल.

म्हणून ज्यांचं घर अजून बांधायचं आहे त्यांनी स्लॅबच्या आधी, सेंटरिंग ठोकलं जात असतानाच, गॅलरीचा भाग खोलीपेक्षा तीन इंच खाली धरायला सांगा. त्या दिवशी याला वेगळा खर्च नाही. स्लॅब पडल्यावर तो बदलत नाही.

काम चालू असताना दोनदा बादली ओता: एकदा उताराचा थर झाल्यावर, फरशी लावायच्या आधी, आणि दुसऱ्यांदा फरशी झाल्यावर. पहिल्या वेळी चूक निघाली तर ती तासाभरात दुरुस्त होते, दुसऱ्या वेळी फरशी फोडावी लागते. शेवटचा हप्ता दुसऱ्या बादलीनंतर द्यायचा, हे काम ठरवतानाच बोलून घ्या. आणि दुरुस्ती करायची तर मेच्या सुरुवातीला, कुरडया-बिबडे आटोपले की लगेच. सिमेंटला पाणी मारायला आणि लेप वाळायला दिवस लागतात, आणि जूनचा पाऊस आपल्यासाठी थांबत नाही.